लघवीत पू आहे, पण जंतू उगवत नाहीत

लघवीच्या तपासणीचा एक रिपोर्ट डोळ्यांसमोर आणा. पस सेल्स ३५ ते ४०, लाल पेशी १० ते १२, पीएच ५.५, नायट्राइट निगेटिव्ह. सोबत दोन दिवसांनी आलेला कल्चरचा, म्हणजे जंतू उगवून पाहण्याच्या तपासणीचा कागद, त्यावर लिहिलंय ‘नो ग्रोथ’. पहिला कागद सांगतो की मूत्रमार्गात कुठेतरी जोरदार दाह चालू आहे. दुसरा सांगतो की जंतू नाहीत. या विसंगतीला डॉक्टर ‘स्टेराइल पाययुरिया’ म्हणतात, म्हणजे जंतूंविना पू. तिच्यामागे कधी किडनीचा टीबी असतो.

हे नाव थोडं फसवं आहे. लघवी जंतुविरहित आहे असं त्यातून वाटतं. प्रत्यक्षात अर्थ एवढाच, की प्रयोगशाळेनं दिलेल्या खाद्यावर आणि दिलेल्या वेळात काही उगवलं नाही. नेहमीच्या मूत्रसंसर्गाला जबाबदार असणारा ई. कोलाय हा जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे संध्याकाळी बशीत पसरला की सकाळी त्याचे ठिपके डोळ्यांना दिसतात. क्षयाच्या जंतूला एकदा दुप्पट व्हायला १५ ते २० तास लागतात आणि त्याला नेहमीचं खाद्य चालतही नाही. दोन दिवस वाट पाहून प्रयोगशाळा बशी टाकून देते, तेव्हा हा जंतू असला तरी त्यानं अजून काहीच केलेलं नसतं.

पू असूनही कल्चर कोरं येण्याची इतर कारणं जास्त वेळा सापडतात, हे आधी सांगायला हवं. नमुना देण्यापूर्वीच अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या पोटात गेलेल्या असतात, किंवा मुतखडा असतो, क्लॅमिडियासारखा लैंगिक संसर्ग असतो, बायकांच्या बाबतीत अंगावरून जाणारं पांढरं पाणी नमुन्यात मिसळलेलं असतं. एका रिपोर्टवरून टीबीचं निदान कोणी करू नये. पण पस सेल्स पुन्हा पुन्हा येतात, सोबत थोडं रक्त असतं, लघवी आम्लधर्मी असते आणि दर वेळी ‘नो ग्रोथ’ येतं, तेव्हा चौथं अँटिबायोटिक लिहिण्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे. उलट बाजूही लक्षात ठेवावी: टीबीच्या काही रुग्णांना साधा मूत्रसंसर्गही झालेला असतो. त्यांच्या कल्चरमध्ये ई. कोलाय उगवतो, त्यावर उपचार होतात, आणि मागचा टीबी तसाच राहतो.

जंतू किडनीत पोहोचतो रक्तातून. फुप्फुसात कधीतरी, बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी, टीबीचा संसर्ग होतो. तो पुष्कळदा कळतही नाही. त्या काळात थोडे जंतू रक्तात उतरतात. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त एकट्या किडन्यांकडे जातं, म्हणून ते तिथल्या सूक्ष्म केशवाहिन्यांत अडकतात, तेही दोन्ही बाजूंना. शरीराच्या संरक्षक पेशी त्यांच्याभोवती गाठी करून त्यांना कोंडतात. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच संपते. काहींच्या बाबतीत ही कोंडी दहा-वीस वर्षांनी सुटते. मधुमेह, स्टेरॉइड, एचआयव्ही, डायलिसिस किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं यांनी प्रतिकारशक्ती खालावली की ती सुटण्याचा धोका वाढतो. म्हणून छातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ असला तरी किडनीचा टीबी नाही असं म्हणता येत नाही. ताप आणि वजन घटणं ही टीबीची ओळखीची लक्षणंही इथे बऱ्याचदा नसतात.

सुटलेले जंतू किडनीच्या बाहेरच्या भागातून आतल्या भागात उतरतात. तिथे क्षार आणि युरिया यांचं प्रमाण एवढं जास्त असतं की संरक्षक पेशींना नीट काम करता येत नाही, आणि जंतूंचं फावतं. किडनीच्या आतल्या भागाची टोकं पेल्यासारख्या छोट्या वाट्यांत उघडतात. या वाट्यांना कॅलिक्स म्हणतात आणि तयार झालेली लघवी पहिल्यांदा त्यांतच गळते. टीबी ही टोकं कुरतडतो. तिथलं मेलेलं मांस चक्क्यासारखं मऊ, पांढरट होतं आणि एक दिवस फुटून वाटीत पडतं. त्या दिवसापासून पू, रक्त आणि जंतू लघवीसोबत खाली वाहू लागतात. शिरेतून रंगद्रव्य देऊन मूत्रमार्गाची चित्रं काढतात, पूर्वी आयव्हीपी आणि आता सीटी युरोग्राफी. त्यांत वाटीची कड वाळवी लागल्यासारखी दिसते, ती याच टप्प्यावर.

इथपर्यंत नुकसान किडनीच्या एका कोपऱ्यात असतं. अख्खी किडनी सहसा जाते ती पुढे, वाटेत पडणाऱ्या व्रणांमुळे. प्रत्येक वाटीला एक अरुंद मान असते. तिला व्रण पडून ती आक्रसली की त्या वाटीतली लघवी कोंडते आणि तेवढा भाग फुगून निकामी होतो. मान पूर्ण मिटली तर ती वाटी तपासणीच्या चित्रातून गायबच होते, कारण रंगद्रव्य तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

त्याखाली असते मूत्रवाहिनी. २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. हिला पाइप समजणं चुकीचं आहे. तिची भिंत स्नायूंची असते आणि ती वरून खाली लाटांसारखी आकुंचन पावत लघवी थेंबाथेंबानं पुढे ढकलते. वरून येणारे जंतू तिच्या अस्तरात घुसले की आधी सूज येते, मग बारीक जखमा होतात आणि जखमा भरताना तंतूंचा कडक व्रण तयार होतो. व्रणाचा स्वभाव आखडण्याचा. सगळ्यात जास्त आकसतं ते मूत्राशयात शिरणारं खालचं टोक. त्याखालोखाल किडनीजवळचं वरचं टोक, आणि कधी मधला भाग. एकाहून जास्त ठिकाणी आकसलेली वाहिनी चित्रात माळेच्या मण्यांसारखी दिसते. पूर्ण ताठ झालेली वाहिनी काठीसारखी सरळ उभी राहते. तिच्यातून लाट जात नाही, म्हणून भोक शाबूत असलं तरी लघवी पुढे सरकत नाही.

हे सगळं दुखण्याशिवाय होऊ शकतं. मुतखडा अचानक अडतो म्हणून कळा येतात. टीबीचा व्रण आठवड्यांनी-महिन्यांनी वाहिनी बंद करतो, त्यामुळे किडनी गुपचूप फुगते. रक्तातलं क्रिएटिनिनही वाढत नाही, कारण दुसरी किडनी दोघींचं काम ओढत असते. ‘क्रिएटिनिन ०.८ आहे, किडनी ठणठणीत’ या वाक्याला इथे काही अर्थ नाही. एका बाजूची किडनी शून्यावर आली तरी तो आकडा नॉर्मल राहू शकतो. शेवटी उरतो तो चुना साठलेला, रंगारी वापरतात त्या लांबीसारख्या पदार्थानं भरलेला गोळा. किडनी शस्त्रक्रियेविनाच शरीरानं बाद केलेली असते.

त्रास जाणवतो तो मूत्राशयात. वाहिनीच्या तोंडापाशी सुरू झालेला दाह भिंतभर पसरला की मूत्राशय जाड होऊन आवळतं. चारशे मिलिलिटर सहज धरणारी पिशवी कधी शंभरावर येते. मग दर तासाला जावं लागतं, रात्रीतून पाच-सहा वेळा उठावं लागतं. म्हणूनच रुग्ण डॉक्टरांकडे ‘लघवीला सारखी होते’ म्हणून येतो, किडनीसाठी येत नाही.

आता पहाटेच्या लघवीकडे. रोगी किडनी जंतू सतत सोडत नाही. चक्क्याचा एखादा कण सुटला की त्या दिवशी सुटतात, दुसऱ्या दिवशी नाही. शिवाय ते संख्येनं फार थोडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचा जंतू नजरेस पडायला मिलिलिटरमध्ये सुमारे दहा हजार जंतू लागतात, आणि लघवीत तेवढे क्वचितच असतात. म्हणून दोन युक्त्या वापरतात. रात्रभर मूत्राशयात साठलेली दाट लघवी घ्यायची, आणि ती ओळीनं तीन दिवस घ्यायची. काही ठिकाणी पाच दिवसही मागतात.

रात्री जेवणानंतर पाणी कमी प्यावं. सकाळी उठल्यावर, चहापाण्याआधी, जागा साध्या पाण्यानं धुऊन पुसावी आणि पहिली लघवी कोरड्या, निर्जंतुक, रुंद तोंडाच्या डब्यात धरावी. नेहमीच्या कल्चरला १० मिलिलिटर पुरतं, इथे किमान ४०-५० लागतं. बऱ्याच प्रयोगशाळा तर सकाळची सगळीच्या सगळी लघवी मागतात, कारण ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला गाळच तपासला जातो. डबा अपुरा असेल तर दोन डबे घ्यावेत, अर्धी लघवी ओतून देऊ नये. काही प्रयोगशाळा मधल्या धारेचाच नमुना सांगतात, तिथे त्यांचं ऐकावं. साध्या कल्चरसाठी कधी आत पावडर घातलेली बाटली मिळते, ती इथे चालत नाही.

डबा लगेच पोहोचवावा. आम्लधर्मी लघवीत हा जंतूही फार काळ टिकत नाही, आणि उबेत इतर जंतू वाढून नमुना वाया जातो. उशीर होणार असेल तर डबा फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवावा, बर्फाच्या खणात नको. तिन्ही दिवसांचे नमुने एकत्र ओतू नयेत. प्रत्येकावर नाव, तारीख आणि वेळ लिहून त्याच दिवशी द्यावा. २४ तासांची लघवी साठवून देण्याची पद्धत पूर्वी होती, ती सोडलेलीच बरी, कारण त्यात जंतू पातळ होतात आणि इतर जंतू माजतात. रात्री पाच वेळा उठणाऱ्याची पंचाईत होते, कारण त्याच्या मूत्राशयात रात्रभर काही साठतच नाही. त्यानं जेवढी जास्तीत जास्त वेळ धरता येईल तेवढी धरून ती सगळी द्यावी, आणि चिठ्ठीवर तसं लिहावं.

आधी घेतलेल्या औषधांची नोंद सगळ्यात महत्त्वाची. लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि अमिकासिनचं इंजेक्शन यांचा क्षयाच्या जंतूवर अर्धवट परिणाम होतो. मूत्रसंसर्ग समजून हीच औषधं सर्रास दिली जातात. रुग्णाला पंधरा दिवस बरं वाटतं, जंतूंची संख्या घटते, तपासणी निगेटिव्ह येते आणि निदान आणखी लांबतं. ‘अँटिबायोटिकनं बरं वाटलं होतं’ हा टीबी नसल्याचा पुरावा नाही.

गाळाच्या तीन तपासण्या होतात. जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची तपासणी सर्वांत लवकर होते आणि तिच्यावर विसंबावं असं सर्वांत कमी. बाह्य जननेंद्रियांच्या त्वचेवर राहणारा स्मेग्मॅटिस नावाचा निरुपद्रवी जंतूही त्याच रंगात रंगतो. सीबीनॅट ही तपासणी जंतूचा डीएनए शोधते, साधारण दोन तासांत उत्तर देते आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देत नसेल तर तेही सांगते. मेलेल्या जंतूचा डीएनएही ती पकडते, म्हणून उपचार लागू पडले का हे तपासायला ती वापरू नये. तिसरी कल्चर. द्रव माध्यमात तिचं अंतिम उत्तर यायला ४२ दिवसांपर्यंत लागतात, घन माध्यमात आठ आठवड्यांपर्यंत. सीबीनॅट पॉझिटिव्ह आली तरी कल्चर लावावं, कारण बाकीच्या औषधांबद्दलची माहिती तिथूनच मिळते.

आणि निगेटिव्ह आलं तर? एक पेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मूत्रवाहिनी पूर्ण बंद झाली असेल तर रोगी किडनीतली लघवी मूत्राशयात उतरतच नाही. डब्यात येते ती निरोगी किडनीची. म्हणजे रोग जितका पुढे गेलेला, तितका रिपोर्ट स्वच्छ येण्याची शक्यता. आधी पस सेल्स भरपूर होत्या, मग आपोआप कमी झाल्या आणि सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसते, तर तो सुधार समजू नये. अशा वेळी पाठीतून सुई घालून किडनीत नळी बसवतात आणि त्या नळीतून आलेली लघवी तपासायला पाठवतात. कोंडलेली लघवी मोकळी होते, आणि नमुना नेमका रोगाच्या जागेचा मिळतो.

एक काल्पनिक पण नेहमी दिसतं तसं उदाहरण घेऊ. ३७ वर्षांच्या बाई, वजन ४८ किलो. आठ महिने वारंवार लघवी आणि जळजळ. नायट्रोफ्युरँटॉइन झालं, सेफिक्झीम झालं, लेव्होफ्लॉक्सासिनचे दहा दिवस झाले. शेवटच्या औषधानं बरं वाटलं आणि तीन आठवड्यांत पुन्हा तेच. कल्चर तिन्ही वेळा कोरं. सोनोग्राफीत डावी किडनी किंचित फुगलेली, मूत्राशयाची भिंत जाड, क्षमता १४० मिलिलिटर. सीटी युरोग्राफीत डाव्या मूत्रवाहिनीचं खालचं टोक अडीच सेंटिमीटर आक्रसलेलं आणि वरच्या एका वाटीची कड कुरतडलेली. लेव्होफ्लॉक्सासिन संपून तीन आठवडे झाल्यावर ओळीनं तीन सकाळचे नमुने दिले. पहिल्या दिवशी सीबीनॅटमध्ये काही नाही. दुसऱ्या दिवशी क्षयाचा जंतू सापडला, प्रमाण ‘लो’, रिफाम्पिसिनला प्रतिकार नाही. तिसऱ्या दिवशीही सापडला. एकच नमुना घेतला असता तर निदान हुकलं असतं.

उपचार सरकारी कार्यक्रमातले, मोफत: पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथँब्युटॉल, पुढचे चार महिने त्यातलं पायराझिनामाइड वगळून बाकीची तीन. ३५ ते ४९ किलो वजनाला एकत्रित गोळ्या रोज तीन. रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते, ते रक्त नव्हे. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम मात्र त्यामुळे कमी होतो, म्हणून दुसरं साधन वापरावं लागतं. किडनीचं काम खूप घटलेलं असेल तर पायराझिनामाइड आणि इथँब्युटॉल रोज न देता आठवड्यातून तीनदा देतात.

बाईंना तिसऱ्या आठवड्यापासून बरं वाटू लागलं. जळजळ थांबली, रात्रीचं उठणं दोनवर आलं. आणि नेमकी याच काळात किडनी धोक्यात असते. औषधांनी जंतू मरतात, जखम भरते, आणि भरताना व्रण आणखी आवळतो. उपचारांपूर्वी किंचित अरुंद असलेली वाहिनी उपचार चालू असताना बंद होऊ शकते. चौथ्या आठवड्यात सोनोग्राफी केली तेव्हा ‘किंचित’ फुगलेली किडनी ‘मध्यम’ झाली होती. क्रिएटिनिन ०.९. तक्रार काहीच नाही. सोनोग्राफी ठरवून केली नसती तर हे कळायला मार्ग नव्हता. पहिले दोन महिने दर दोन-तीन आठवड्यांनी ती करायची, ती यासाठी. काही डॉक्टर व्रण कमी पडावा म्हणून स्टेरॉइड देतात, पण त्याचा पुरावा तोकडा आहे. वाहिनी उघडी ठेवणाऱ्या नळीला पर्याय म्हणून तरी त्याकडे पाहू नये.

त्याच आठवड्यात दुर्बिणीतून डीजे स्टेंट घातला. ही दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी मूत्रवाहिनी उघडी ठेवते. कधी खालचं टोक एवढं मिटलेलं असतं की स्टेंटला वाट करून देणारी तार आतच जात नाही. मग पाठीतून नळी घालावी लागते. स्टेंट असेपर्यंत लघवीत पस सेल्स आणि थोडं रक्त येतच राहतं. ते स्टेंटच्या घासण्यानं येतं, टीबीची औषधं हरली म्हणून नव्हे. स्टेंट घातल्याची आणि काढायची तारीख रुग्णाच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली बरी. वर्षभर विसरलेल्या स्टेंटवर खडा चढतो आणि तो काढणं ही वेगळी शस्त्रक्रिया होते.

तीन महिन्यांनी स्टेंट काढला. किडनीच्या स्कॅनमध्ये कामाची वाटणी डावीकडे ३४ टक्के आणि उजवीकडे ६६ अशी आली, म्हणजे डावी वाचवण्याजोगी होती. हा वाटा दहा टक्क्यांच्या खाली असता आणि लघवी मोकळी करूनही वाढला नसता, तर औषधं चार ते सहा आठवडे झाल्यावर ती किडनी काढण्याचा विचार झाला असता. स्टेंट निघाल्यावर महिन्याभरात वाहिनी पुन्हा फुगली. आतली सूज औषधांनी जाते, पिकलेला व्रण जात नाही. म्हणून आक्रसलेला तुकडा कापून वाहिनी मूत्राशयाला नव्या जागी जोडली. मूत्राशयाची क्षमता तोवर २५० मिलिलिटरपर्यंत सुधारली होती, त्यामुळे हे जमलं. ती शंभरावरच अडकली असती तर आतड्याचा तुकडा जोडून पिशवी आधी मोठी करावी लागली असती, कारण आवळलेल्या मूत्राशयातला दाब उलटा वर चढतो आणि उजवी, चांगली किडनीही फुगवतो.

सहा महिन्यांनी गोळ्या थांबल्या. सोनोग्राफी मात्र पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी चालू ठेवायची आहे, दोन्ही बाजूंची.